सरांना आधी सांगा
पंचवटीत हिरावाडीच्या क्रीडा संकुलात धावणाऱ्या बारावीच्या मुलीने सरांना मैत्रिणीकरवी निरोप धाडू नये. बोर्डाचं वेळापत्रक घेऊन स्वतः जावं आणि म्हणावं, "सर, परीक्षा संपेपर्यंत रोज जमणार नाही, पण आठवड्यातून दोनदा येईन." दोनदाच का? सराव पूर्ण थांबला की दोन-तीन आठवड्यांत दम उतरू लागतो; आठवड्यातून दोनदा नेहमीच्या वेगाने धावलं, तर अंतर कमी असूनही तो बराचसा टिकतो. म्हणून फेऱ्या कमी कराव्यात, वेग नाही. सगळंच सोडून शेवटच्या पेपरनंतर लगेच जुनी वेळ गाठायला गेलं, की नडगी दुखायला लागते. तारखा आधी कळल्या, तर सर परतीचे आठवडे हळूहळू चढते आखू शकतात.