फोन दिवसभर नको, दोन बैठकांत करा

व्हिडिओत हा विषय दोन मिनिटांत उरकला होता, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी एका कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन लिहीत होतो. मध्येच आठवलं, सप्लायरला पंख्यांचं विचारायचं राहिलंय. लावला फोन. तो ठेवतो तोच उधारीवाल्याचा मेसेज आला, त्याला उत्तर दिलं. परत कोटेशनकडे वळलो आणि अडीच एमएम वायरीसमोर दीड एमएमचा भाव लिहून मोकळा झालो! बंडलमागे हजाराच्या आसपास फरक, आणि बंडलं होती सहा. शब्द दिला होता, त्यामुळे माल त्याच भावात द्यावा लागला.

फोन दोनच मिनिटांचा होता, पण त्याची खरी किंमत सहा हजार पडली. आपण फक्त फोनची मिनिटं मोजतो, आणि तिथेच फसतो. सोफी लेरॉय या अभ्यासक बाईंनी 2009 साली यावर शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला की डोक्याचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. आपल्या काउंटरवर हे रोज घडतं, फक्त आपण त्याला ‘घाईत चूक झाली’ म्हणतो.

माझं मत सरळ आहे. येणारे फोन तुमच्या हातात नाहीत, पण तुम्ही स्वतः करता ते फोन पूर्णपणे तुमच्या हातात आहेत. आधी तेच एकत्र बांधा.

मी काउंटरवर एक साधी वही ठेवली आहे. फोन करायचं आठवलं की फोन उचलायचा नाही, वहीत ओळ लिहायची: कोणाला, कशासाठी. डोक्यातून ते कागदावर उतरलं की हातातलं काम पुढे सरकतं.

मग दिवसात दोन बैठका. पहिली साडेअकराला. सकाळी वायरमन साईटसाठी माल घेऊन जातात, ती गर्दी तोवर ओसरलेली असते. या बैठकीत फक्त सप्लायर. ही वेळ दुपारवर ढकलू नका, कारण संध्याकाळच्या टेम्पोत माल हवा असेल तर ऑर्डर बारापर्यंत जायला लागते. दुसरी बैठक चारला, फक्त उधारीची. दोन्ही एकत्र का नाही? सप्लायरशी आपण घासाघीस करतो, उधारीवाल्याशी गोडीनं बोलावं लागतं. सूर बदलणं हीसुद्धा अदलाबदलच आहे, बरं का.

उधारीच्या बैठकीला खातेवही उघडी पाहिजे, सर्वात जुनी बाकी वर. ‘साहेब, 12 तारखेचे 4,300 आहेत, कधी पाठवताय?’ इतकंच. समोरचा जी तारीख सांगेल ती तिथेच लिहायची आणि फोन ठेवताच क्यूआर पाठवायचा. एका बैठकीत आठच्या वर फोन करत नाही. एकदा पंधरा केले होते, शेवटच्या चौघांशी मी नुसता वसुलीवाला वाटत होतो.

ईमेल आणि व्हॉट्सॲपची उत्तरं याच बैठकांच्या शेवटी. बाहेरची कामं, म्हणजे बँक, कुरिअर, सीएकडे बिलं, मंगळवारी आणि शुक्रवारी एकाच फेरीत. शनिवार मुद्दाम टाळला, कारण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते आणि फेरी अर्धी वाया जाते. जीएसटीचंही तसंच. जीएसटीआर-2बी महिन्याच्या 14 तारखेला तयार होतो. ज्यांची बिलं त्यात दिसत नाहीत, त्या सगळ्या सप्लायरना 15 तारखेच्या सकाळच्या बैठकीत फोन. आधी मी महिनाभर एकेकाला तगादा लावायचो आणि कोणाला सांगितलं हेच विसरायचो.

पण एक गोष्ट कधीच गठ्ठ्यात बांधू नका: समोर उभं असलेलं गिऱ्हाईक. साईटवर मिस्त्री थांबलाय आणि एमसीबी हवाय, तर तो फोन आत्ताच. बैठक चालू असताना गिऱ्हाईक आलं तर बैठक थांबते. वहीत कुठवर आलो तिथे खूण असते, त्यामुळे परत सुरुवातीपासून शोधावं लागत नाही.

आणि गाडी रुळावरून घसरतेय हे कसं ओळखायचं? वही बघा. एकच ओळ दोन दिवस पुढे ढकलली गेली असेल, तर ते काम वेळेअभावी राहिलेलं नाही, तुम्ही ते टाळताय. माझ्या वहीत ती ओळ बहुतेक वेळा उधारीचीच असते, आणि बहुतेक वेळा नातेवाईकाची! ती आता मी चारच्या बैठकीत पहिल्या नंबरवर घेतो.