एका मिनिटाचा प्रश्न

खोकणाऱ्या बालकास न्यूमोनिया आहे की साधे पडसे, हे ठरविण्यासाठी उपकेंद्रातील परिचारिकेजवळ क्ष-किरण यंत्र नसते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९० च्या दशकात आखलेल्या पद्धतीत तिला सेकंदकाट्याचे घड्याळ व पूर्ण एक मिनिट पुरते.

खोकला व जुलाब असलेले दहा महिन्यांचे बालक घ्या. ते अंगावर पीत नाही काय, सारे ओकून टाकते काय, झटके आले काय, सुस्त वा बेशुद्ध आहे काय, हे प्रथम पाहावयाचे. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास औषधाची पहिली मात्रा देऊन त्यास तातडीने रुग्णालयात धाडावयाचे. अन्यथा श्वास मोजावयाचे. या वयात मिनिटास ५० वा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनिया. वर्ष उलटल्यावर मर्यादा ४० ची. त्यानंतर जुलाबाचा विचार. डोळे खोल गेले असून पोटाची चिमटीत धरलेली त्वचा सावकाश पूर्ववत होत असेल, तर केंद्रातच जलसंजीवनी पाजावयाची. त्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास रुग्णालय गाठावयाचे.

चूक होते ती मोजणीत. रांग लांबली की पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले जाते. ५१ श्वास घेणाऱ्या बालकाचे बारा श्वास मोजले गेले, तर आकडा ४८ येतो आणि न्यूमोनियाचे बालक पडशाचे म्हणून घरी जाते. रडत्या बालकात उलट घडते. श्वास विनाकारण वाढलेला दिसतो. म्हणूनच केवळ तक्ते भिंतीवर लावून भागणार नाही. शांत बालकाजवळ मिनिटभर बसता येईल इतके मनुष्यबळ उपकेंद्रास देणे, हे शासनाचे कर्तव्य ठरते.