काउंटरवरचा एक प्रश्न

सायखेड्याच्या आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा कांद्याच्या गोण्या उचलतात. मागच्या हंगामात त्यांची कंबर धरली. चौथ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी फारसे न तपासता एमआरआय लिहून दिला आणि नाशिकच्या एका सेंटरची चिठ्ठी हातात ठेवली. "तिथंच करा, दुसरीकडचा रिपोर्ट चालणार नाही," असेही बजावले. चाचांनी उसने घेऊन 6,500 रुपये भरले. पैसे घेण्याआधी काउंटरवरच्या मुलीने एकच प्रश्न विचारला, "कोणत्या डॉक्टरांकडून आलात?" आणि नाव वहीत लिहून घेतले.

चाचांना वाटले, रिपोर्टवर लिहायला नाव हवे असेल. कधी ते तेवढ्यासाठीच असते. पण कधी त्याच वहीवरून महिनाअखेरीस हिशेब होतो आणि ज्याने रुग्ण पाठवला त्याला त्याचा वाटा पोहोचतो. याला 'कट प्रॅक्टिस' म्हणतात. चाचांच्या बाबतीत काय घडले ते आम्ही सांगू शकत नाही, कारण हा व्यवहार रुग्णाच्या पाठीमागे होतो. पण एकदा तो उजेडात आला होता.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर ओळखले जातात. त्यांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवले, तर पुण्याच्या एका तपासणी केंद्राकडून त्यांना 1,200 रुपयांचा चेक आला. त्यांनी तो खिशात न घालता वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. 2013 मध्ये हे प्रकरण गाजले. चेक येतो यावरूनच कळते की देणाऱ्याला त्यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. आणि ही रक्कम कोणी पदरची देत नाही, ती रुग्णाच्या बिलातूनच निघते.

2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे आणि घेणे, दोन्ही डॉक्टरांना मनाई आहे. अडचण अशी की वैद्यक परिषद डॉक्टरवर कारवाई करू शकते, सेंटरच्या मालक कंपनीवर नाही. म्हणून 2017 मध्ये राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून स्वतंत्र कायद्याचा मसुदा करून घेतला. तो कायदा काही झाला नाही.

नुकसान फक्त पैशांचे नसते. चाचांच्या रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' आले. घरात ऑपरेशनची चर्चा सुरू झाली, चाचींची झोप उडाली. वास्तविक वय वाढले की कंबर अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही असा बल्ज दिसतो. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत बरी होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चाचांचे पाय उचलून पाहिले, ताकद तपासली आणि सांगितले की पडून राहू नका, चालत राहा, गोण्या मात्र काही दिवस उचलू नका. महिनाभरात चाचा कामावर गेले.

मात्र पायात कमजोरी येणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा, ताप, वजन घटणे, आधी कॅन्सर झालेला असणे किंवा मोठा मार लागणे, यांपैकी काही असेल तर तपासणी टाळू नये. तिथे उशीर महागात पडतो. आणि डॉक्टरांनी एखाद्या सेंटरचे नाव सुचवले म्हणजे कमिशन आहेच, असेही नाही. काम चांगले म्हणूनही ते सुचवतात.

मग ओळखायचे कसे? अदबीने विचारावे, "डॉक्टरसाहेब, या रिपोर्टमुळे माझ्या उपचारात काय बदलेल?" प्रामाणिक डॉक्टर याचे उत्तर देतात. उत्तराऐवजी राग आला, ताजा रिपोर्ट असूनही कारण न सांगता तीच तपासणी पुन्हा सांगितली किंवा दुसरे सेंटर चालणारच नाही असा हट्ट झाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. उपचाराचे कागद मागितल्यापासून 72 तासांत देणे त्याच आचारसंहितेने बंधनकारक केले आहे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांविरुद्धची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे लेखी करता येते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत.

आजारी माणूस डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा त्याला शरीरातले काही कळत नसते. त्यामुळे तो आपला निर्णय त्यांच्या हवाली करतो. ही अमानत आहे. तपासणी लिहिणाऱ्या हाताला त्या तपासणीतूनच पैसे मिळू लागले, तर ती खयानत ठरते. आणि उद्या एखाद्या सच्च्या डॉक्टराने खरोखर गरजेची तपासणी सांगितली, तर चाचा तिच्यावरही विश्वास ठेवणार नाहीत.