माणूस बदलला, कारण तिथंच राहिलं

बजाजनगरात घरटी कुणी ना कुणी वाळूजच्या कंपनीत आहे, त्यामुळं ‘व्हाय-व्हाय’ काय असतं ते इथं सांगायला नको. आमच्या लाइनवर एकदा डावा ब्रॅकेट उजवीकडं बसला. साहेब मेमो काढणारच होते, पण आधी शोध घेतला. दोन्ही ब्रॅकेट एकाच ट्रेमधून येत होते. ट्रे वेगळे केले, फिक्श्चरला एक पिन लावली. आता चुकीचा ब्रॅकेट बसतच नाही, ऑपरेटर कुणीही असो.

आता यवतमाळचं प्रकरण आठवा. ३१ जानेवारी २०२१, पोलिओचा रविवार. घाटंजी तालुक्यात भांबोरा आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या एका गावात १२ बालकांना पोलिओऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं दवाखान्यात न्यावी लागली. सुदैवानं सगळी वाचली. तिघा कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, बातमी संपली.

मला त्यातला १२ हा आकडा खटकतो. एकदा चुकीची बाटली उचलली, तर हात चुकला म्हणू. पण लागोपाठ बारा मुलं होईपर्यंत ती पकडली गेली नाही, म्हणजे मधे तपासणीची पायरीच नव्हती किंवा कागदावरच होती. पोलिओच्या कुपीवर एक खूण असते, गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तरच लस चालते. ही खूण प्रत्येक कुपी घेताना मोठ्यानं वाचायची सवय असती, तर सॅनिटायझरवर ती सापडलीच नसती आणि पहिल्याच बाळाला हात थांबला असता.

म्हणून प्रश्न असे हवेत: कोरोनामुळं त्या वर्षी टेबलावर सॅनिटायझर आलं, ते कुठं ठेवायचं हे कुणी ठरवलं होतं का? थेंब पाजणारी बाई सकाळपासून किती वेळ एकटी होती? आणि सगळ्यात महत्त्वाचा, तिच्या जागी दुसरी अनुभवी बाई बसवली असती तर तिचीही हीच चूक झाली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर दोष मांडणीत आहे. ‘नाही’ असेल, किंवा कुणी नियम माहीत असून धाब्यावर बसवला असेल, तर कारवाई जरूर करा. सगळ्यांना माफ करा असं मी म्हणत नाही.

पण चौकशीआधीच निलंबन झालं, की घडलं कसं हे ज्यांना माहीत आहे त्यांचंच तोंड बंद होतं. शिवाय दुसऱ्या एखाद्या बूथवर कुणी चुकीची बाटली उचलून वेळेत परत ठेवली असेल, तर ती बाई हे कुणाला सांगेल? आमच्याकडं अशा ‘निअर मिस’ची चिठ्ठी बिननावानं टाकता येते, आणि खरी माहिती तिथूनच मिळते.

‘पुन्हा प्रशिक्षण द्या’ हा शेरा सोपा असतो. त्यापेक्षा सॅनिटायझर फक्त पंपाच्या मोठ्या बाटलीत, लसीच्या टेबलापासून लांब, रांगेच्या सुरुवातीला ठेवा. पुढच्या पोलिओ रविवारी आपल्या बूथवर गेलात तर टेबलावर काय काय आहे ते बघा, आणि कमेंटमध्ये लिहा. ताईंचा फोटो मात्र टाकू नका.