करार शेवटच्या पानापासून वाचा

हाउन्सलोत २०१० साली सुजय सोहनी आणि सुबोध जोशी यांनी एका आइस्क्रीमच्या दुकानातल्या कोपऱ्यात ‘श्रीकृष्ण वडापाव’ सुरू केलं. त्यांचं यश पाहून ब्रिटनमधल्या मराठी घरांत फ्रँचायझी घेण्याच्या गोष्टी निघतात. मग कुणीतरी जाणकाराच्या थाटात सांगतो, “करार सगळे सारखेच. रॉयल्टी किती ते बघायचं आणि सही ठोकायची. वाकडं झालंच तर इथे कायदा आहे.”

कायदा कुठला? ब्रिटनमध्ये फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदाच नाही. ब्रिटिश फ्रँचायझी असोसिएशनची आचारसंहिता फक्त तिच्या सभासदांना बांधते. धंदेवाईक म्हणून सही केलीत की ग्राहक-संरक्षणही गेलं. खोटी माहिती देऊन सही घेतली तर दाद मागता येते, पण ते सिद्ध तुम्हालाच करावं लागतं.

बरं, रॉयल्टी तरी पुरती बघतात का? (आकडे हिशेबापुरते आहेत, कुणा ब्रँडचे नाहीत.) आठवड्याचा गल्ला ६,००० पौंड. त्यात २० टक्के व्हॅट धरलेला, म्हणजे खरी विक्री ५,०००. रॉयल्टी आणि जाहिरात निधी मिळून ८ टक्के. ‘विक्री’ची व्याख्या व्हॅट वगळून असेल तर ४०० पौंड द्यायचे, धरून असेल तर ४८०. टक्केवारी तीच, फरक वर्षाला ४,१६० पौंड. घरपोच ॲपचं कमिशन व्याख्येतून वगळलं नसेल, तर हाती न आलेल्या पैशावरही रॉयल्टी भरायची.

हद्दीचं कलमही असंच फसवं. ‘या भागात दुसरं दुकान उघडणार नाही’ एवढंच लिहिलं असेल, तर शेजारच्या शाखेने ॲपवरून तुमच्याच गल्लीत माल पोचवला तरी करार मोडत नाही. दर्जाच्या अटींबद्दल मात्र माझी तक्रार नाही. एका दुकानातला शिळा वडा सगळ्यांचं नाव घालवतो. फक्त मसाला, पाव, यंत्रं कंपनीकडूनच घ्यायची असतील, तर भाव कोण ठरवणार ते लिहून घ्या.

खरी मेख शेवटच्या पानांत असते. फ्रँचायझी पाच वर्षांची, गाळ्याचा भाडेकरार दहा वर्षांचा, आणि भाड्याला तुमची वैयक्तिक हमी. पाच वर्षांनी नूतनीकरण होतं ते बहुधा ‘त्या वेळच्या अटींवर’, म्हणजे नवी टक्केवारी आणि तुमच्या खर्चाने दुकानाची नवी सजावट. नको म्हणालात किंवा कंपनीने करार संपवला, की त्याच जागेत वर्षभर तसाच धंदा करायला मनाई. अशी बंदी इंग्लंडच्या कोर्टांनी उचलूनही धरली आहे. पाटी उतरते, भाडं मात्र चालू राहतं. दुकान विकून मोकळं व्हावं, तर गिऱ्हाइकाला कंपनीची मंजुरी लागते.

म्हणून करार उलटा वाचावा: आधी समाप्ती, मग नूतनीकरण, हद्द, आणि पैसे सगळ्यात शेवटी. फ्रँचायझीचा करार आणि गाळ्याचा करार एकाच सॉलिसिटरपुढे एकत्र ठेवा. दोन्हींच्या मुदती जुळत नसतील, किंवा मध्येच भाडेकरार सोडण्याची सोय नसेल, तर अनामतही भरू नका.