संस्थापक नेमके कोण?

बार्न्स स्कूलमध्ये यंदा नव्याने आलेल्यांना फाउंडर्स डेच्या आधी एक घोळ सांगून ठेवतो. शाळेला नाव बार्न्स यांचं. पण देवळालीतली ही इमारत उभी राहिली तेव्हा त्यांना जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

गोष्ट मुंबईत सुरू होते. १७१८ मध्ये रेव्हरंड रिचर्ड कॉब यांनी गरीब मुलांसाठी छोटी धर्मादाय शाळा काढली. शे-सव्वाशे वर्षं नाही, पण जवळजवळ शतकभर ती तशीच चालली. १८१५ मध्ये मुंबईचे पहिले आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिने ही शाळा हाती घेतली. पुढे बिऱ्हाड भायखळ्याला गेलं. तिथली वस्ती दाटत गेली, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी देवळालीची मोकळी, कोरडी हवा निवडली गेली. दिवसा येणाऱ्या मुलांची शाळा मात्र भायखळ्यातच राहिली. २९ जानेवारी १९२५ रोजी इथलं उद्घाटन झालं.

म्हणून व्यासपीठावरून कुणी शाळेचं वय तीनशेच्या वर सांगेल, कुणी शंभरच्या आसपास. दोघांचंही गणित बरोबर असेल. मी स्वतः १८१५ पासून मोजतो.