*मोटर शेजाऱ्याची बघून नाही, आपल्या बोअरचं पाणी मोजून घ्या*



शेतीपंपाचं 7.5 एचपीपर्यंतचं वीजबिल माफ झाल्यापासून दुकानात एकच वाक्य ऐकू येतं, "बिल तर येत नाही, मग मोठीच मोटर द्या." आमचं मत स्पष्ट आहे. बिल शून्य असलं तरी मोठ्या मोटरची किंमत बोअर मोजतो आणि शेवटी आपण मोजतो.

मोटर किती एचपीची हवी, हे एकरावर किंवा बोअरच्या खोलीवर ठरत नाही. दोन आकडे लागतात: पाणी किती उंच उचलायचं (हेड) आणि दर सेकंदाला किती लिटर उचलायचं.

*1️⃣ आधी बोअर किती पाणी देतो ते बघा*
हे माप एप्रिल-मे मध्ये घ्या, पावसाळ्यातलं माप फसवतं. आहे ती मोटर तास-दोन तास चालू ठेवा. धार एकसारखी राहिली की 200 लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते मोबाईलवर मोजा. त्याच वेळी वजन बांधलेली सुतळी सोडून पाणी किती फुटांवर आहे तेही बघा. मोटर बंद असतानाची पातळी धरू नका, चालू असताना पाणी बरंच खाली जातं.

*2️⃣ मग हेड काढा*
आपल्या एका सभासदाच्या डाळिंब बागेतला हिशोब बघा. बोअर 400 फूट, मोटर 300 फुटांवर सोडलेली. पण मोटर चालू असताना पाणी 220 फुटांवर टिकतं. हेड 220 पासून धरायचं, 300 किंवा 400 पासून नाही. इथेच बहुतेकांची चूक होते.

▪️ 220 फूट म्हणजे 67 मीटर
▪️ बोअरपासून बाग 5 मीटर चढावर
▪️ पाइप आणि एल्बोमधलं घर्षण अंदाजे 8 मीटर
▪️ फिल्टरसह ठिबकला 2 किलो दाब, म्हणजे 20 मीटर (1 किलो = 10 मीटर)

*एकूण हेड 100 मीटर.*

ड्रम 133 सेकंदांत भरला, म्हणजे बोअर सेकंदाला दीड लिटर पाणी देतो.

*3️⃣ आता एचपी*
लिटर गुणिले हेड, भागिले 75. 1.5 × 100 ÷ 75 = 2 एचपी. पण बोअरचा पंप साधारण निम्मीच ताकद पाण्याला देतो, म्हणून दुप्पट करा: 4 एचपी. बाजारात त्याच्या वरची मोटर 5 एचपीची. बस्स, तीच पुरे.

या सभासदाने मात्र शेजाऱ्याचं बघून 7.5 एचपी बसवली होती. ती 100 मीटरवर सेकंदाला पावणेतीन लिटरच्या आसपास ओढते. बोअर देतो दीड. मग पाणी झपाट्याने खाली जातं, धार तुटक येते, मोटर हवा घेते, अँपिअरचा काटा खाली-वर नाचतो. पाण्यासोबत गाळ-वाळू येऊन पंप घासतो. मोटर कोरडी चालली की तापते आणि वाइंडिंग जळतं. एका उन्हाळ्यात दोनदा जळाली. मोटर काढणं, भरणं, परत सोडणं, आणि तेवढे दिवस बाग पाण्याविना. बिल माफ, पण खर्च माफ नाही.

*4️⃣ घेताना नुसती एचपी बघू नका*
एकाच 5 एचपीत कमी स्टेजचा पंप जास्त पाणी कमी उंचीवर देतो, जास्त स्टेजचा कमी पाणी जास्त उंचीवर. दुकानदाराकडून पंपाचा तक्ता मागा. 100 मीटर हेडसमोर दीड लिटरच्या जवळचा आकडा हवा, आणि तुमचं हेड पंपाच्या हेड-रेंजच्या मधोमध यायला हवं, टोकाला नाही. सौर पंपालाही हेच लागू. योजनेत एकरानुसार एचपी मिळते म्हणून ती तुमच्या बोअरला योग्यच असेल असं नाही.

*मोठी मोटर आधीच बसवली असेल तर?*
लगेच विकू नका. वरचा कॉक थोडा-थोडा बंद करत धार एकसारखी आणि काटा स्थिर होईपर्यंत आणा, पण पूर्ण बंद करून चालवू नका. पॅनलमध्ये ड्राय-रन संरक्षण बसवून घ्या. पुढच्या वेळी पंप बाहेर काढाल तेव्हा योग्य मापाचा टाका.

नवी मोटर घेण्याआधी हे चार आकडे लिहून ग्रुपवर टाका: चालू मोटरची पाणीपातळी, ड्रम भरायचे सेकंद, शेताचा चढ, आणि ठिबक की पाट. हिशोब मिळून करू. पैसे त्यानंतर मोजा 💧